एकशे बारा बाटल्या

मंगळवारी सकाळी पावणेसातला कल्याणीने येडगावच्या फाट्यावर एसटी पकडली, नारायणगावला गाडी बदलली आणि आठला पाच मिनिटे असताना ती कळंबला उतरली. महामार्गापासून लॅबपर्यंत सात मिनिटांची चाल होती. दारात चपला काढून तिने आतल्या रबरी सपाता घातल्या. बेसिनपाशी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखे ब्रशने घासली, मग हिरवा गाऊन, टोपी आणि मास्क. टोपीबाहेर केस राहिला नाही ना, हे तिने आरशात दोनदा पाहिले. शेवटी पंजावर स्पिरिट घेऊन ते वाळेपर्यंत हात हवेत धरून ती उभी राहिली. फेब्रुवारीपासून ती रोज हे असेच, याच क्रमाने करीत होती. आणि रोज स्पिरिट वाळताना बोटांना जो गारवा जाणवे, तो तिला आवडत असे. आता या हातांना काही काम सांगता येईल, असे तेव्हा वाटे.

शेतकऱ्यांच्या एका उत्पादक कंपनीची ही केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची लॅब होती. काचेच्या बाटलीत जेलीसारखे घट्ट माध्यम, आणि त्यावर केळीच्या कोंबांचा हिरवा पुंजका. अठ्ठावीस दिवसांनी तो पुंजका निर्जंतुक हवेच्या पेटीत बाहेर काढायचा, ब्लेडने त्याचे तीन भाग करायचे आणि तीन नव्या बाटल्यांत लावायचे. एकाचे तीन, तिनाचे नऊ, असे वाढत गेल्यावर त्यांना मुळे फुटवायची, शेडनेटमध्ये हवेची सवय लावायची आणि जूनमध्ये रोपे शेतावर पाठवायची. अठ्ठावीस दिवस फार उलटले की माध्यम संपते, पुंजका तपकिरी पडतो आणि मरतो. हाताचा, श्वासाचा, कपड्याचा एखादा जंतू आत गेला तर चार दिवसांत बाटलीत बुरशीचा पांढरा कापूस दिसतो.

म्हणून लॅबमध्ये एक नियम होता. प्रत्येक बाटलीवर तारखेखाली ती लावणाऱ्या बाईचा क्रमांक लिहायचा, आणि त्या बाटलीला पुढच्या खेपेलाही तिनेच हात लावायचा. बाटली बिघडली तर कुणाचा हात चुकला ते उघड दिसावे, एवढाच त्यामागचा हेतू. कुणाच्या किती टक्के बाटल्या गेल्या, हे दाराजवळच्या फळ्यावर दर सोमवारी लिहिले जाई. तीन टक्क्यांच्या वर गेले की लॅबचे प्रमुख भरत सर काही बोलत नसत. फक्त त्या आकड्याखाली रेघ ओढत. बायका ओरडण्यापेक्षा त्या रेघेला जास्त भीत.

फळ्यावर सहा बायकांची नावे होती आणि मार्चच्या अखेरीपासून सातवे. कल्याणी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. अभ्यासक्रमातल्या एकशेवीस तासांच्या प्रशिक्षणासाठी ती इथे आली होती. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना सर बाटल्या धुवायला आणि माध्यम भरायला देत. पेटीवर बसवत नसत. कल्याणीला त्यांनी दीड महिना टाकाऊ पुंजक्यांवर ब्लेड चालवायला लावले आणि तेवीस मार्चला तीनशेवीस बाटल्यांचा माल तिच्या नावावर दिला. क्रमांक सात. त्यातल्या आठ गेल्या. अडीच टक्के. रेघ ओढली गेली नाही.

आज मात्र ती दाराजवळ थांबली, कारण फळ्यावर सातवे नाव नव्हते. पुसले होते, खडूचा पांढुरका फराटा तेवढा राहिला होता.

काय झाले असावे ते तिला लगेच कळले.

शनिवारी दुपारी मोबाइलवर विद्यापीठाचे वेळापत्रक आले होते. परीक्षा मेच्या अखेरीस होईल असे कॉलेजात सगळे धरून चालले होते. ती सोळा एप्रिलला सुरू होऊन अठ्ठावीसला संपणार होती. तिच्या बाटल्यांचे अठ्ठावीस दिवस वीस तारखेपासून भरत होते. प्रशिक्षणाचे उरलेले तास परीक्षेनंतर भरता आले असते. त्याची तिला काळजी नव्हती. पण पुंजके परीक्षा संपेपर्यंत थांबणार नव्हते.

सरांना लगेच सांगायचे, असे ठरवून ती सोमवारी आली. सरांनी त्या सकाळी फळ्यावर अडीच लिहिले, तिच्याकडे पाहून मान हलवली, आणि तिच्या तोंडचे शब्द आतच राहिले. दुपारी सांगू, मग संध्याकाळी सांगू, असे करता करता दिवस गेला. रात्री जेवताना तिने घरी सांगितले.

"मी भगवंतरावांच्या कानावर घालतो की," तिचे वडील जयवंत म्हणाले होते. भगवंतराव कंपनीचे अध्यक्ष. त्यांचा मळा येडगावलाच होता. जयवंत एसटीत कंडक्टर होते आणि अध्यक्षांचे चुलते, मेहुणे त्यांच्याच गाडीने जात-येत. "शब्द टाकला की काम झालं. मोठी मानसं हायेत."

"नको पप्पा. मी सांगते सरांना."

"बरं," ते म्हणाले होते. पण त्या 'बरं'मध्ये होकार नव्हता, हे आता फळ्यासमोर उभे राहिल्यावर तिच्या ध्यानात आले.

साळुबाई मागून आली. लॅबमधली सर्वांत जुनी बाई. सातवी शिकलेली, क्रमांक एक.

"काय गं, सोडून चालली म्हनं? आन् आमाला सांगायची बी सोय न्हाई?"

"कोण म्हणालं सोडून चालले?"

"सर म्हनले. सकाळी लवकर चेअरमनचा फोन आला व्हता. तुझ्या बाटल्या भायेरच्या ट्रेत काढून ठेवल्यात बघ. धुवायच्या."

कल्याणी आत गेली. वाढ-खोलीच्या दाराशी चार मोठ्या ट्रेमध्ये तिच्या तीनशेबारा बाटल्या होत्या. प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात तारीख आणि सात. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर उकळायच्या, आतले ओतून टाकायचे आणि बाटल्या धुऊन पुन्हा वापरायच्या. मालक नसलेल्या मालाची हीच रीत होती; जास्तीच्या तीनशे बाटल्या कापायला दुसऱ्या कुणाचे हात मोकळे नसत. एका बाटलीतला पुंजका तिने उजेडाकडे धरून पाहिला. पाच कोंब, हिरवेगार. बुडाशी आणखी दोन टेकाडे फुगत होती.

ट्रे दाराशी तसेच ठेवून ती सरांच्या टेबलापाशी गेली.

भरत सर पन्नाशीचे होते. कृषी पदवीधर, घोडेगावजवळच्या शेतकरी घरातले. ते वर न पाहता म्हणाले, "मिळाली ना सुट्टी? मग आज कशाला आलीस?"

"सर, मी लॅब सोडत नाहीये."

"चेअरमन म्हणाले, जयवंताच्या पोरीला मोकळी करा. केली." त्यांनी वही बाजूला सारली. "तीन वर्षांत पाच जण अशी वरून फोन येऊन मोकळी झाली. एक तरी परत आलं? त्यातला ऋषी तर इथं नोकरीला होता; त्याच्यासाठी फोन आला, तेव्हा मी चारशे बाटल्या एक महिना राखत बसलो. तो पुण्याला कंपनीत लागला होता. बाटल्या काळ्या पडल्या."

"मी परत येणार आहे, सर. परीक्षा आहे. सोळा ते अठ्ठावीस." तिने मोबाइलवर वेळापत्रक उघडून पुढे धरले. "पंधरा दिवस लागतील. जयंतीची सुट्टी धरून चौदापासून."

सरांनी वेळापत्रक नीट, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"हे कधी आलं?"

"शनिवारी."

"शनिवारी. म्हणजे काल दिवसभर तू माझ्यापासून दहा फुटांवर बसून ब्लेड चालवत होतीस." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुझ्या तोंडाला काय झालं होतं? मी काय वाघ आहे?"

"वाघ परवडला," पलीकडून साळुबाई म्हणाली. "आमच्याकडं बिबट्या बी पोरांना परीक्षेला सोडतो, सर."

पेटीवरच्या दोघी हसल्या. सर हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

कल्याणीने ठरवलेले सगळे एका दमात सांगायचे योजले होते. प्रत्यक्षात ती सावकाश बोलली. "चूक झाली, सर. मला वाटलं, तुम्ही पहिल्यांदाच कुणा शिकाऊला माल दिलाय, आणि मीच तो मध्ये टाकून जातेय. ते सांगायला जीभ उचलेना. पप्पांना मी नको म्हटलं होतं, पण त्यांनी माझ्या काळजीनं शब्द टाकला. फोन त्यांचा होता. सुट्टी मला मागायची आहे, आणि मी ती आत्ता मागतेय."

 ऑटोक्लेव्हच्या शिट्टीचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"आणि नाही दिली तर?" सरांनी विचारले.

"तर परीक्षेला जाईन," ती म्हणाली. "पण न सांगता गेले असं तुम्हाला म्हणता येणार नाही."

सरांनी खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली. मग त्यांनी खणातून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "लिही. अर्ज माझ्या नावानं. कुठून कुठपर्यंत, कशासाठी, कधी परत येणार. चेअरमनचं नाव त्यात कुठं नको."

तिने लिहिला. सहा ओळींचा अर्ज होता. सरांनी तो वाचून खाली सही केली, तारीख घातली आणि फाइलला लावला. मग फोन उचलून त्यांनी अध्यक्षांना सांगितले, "भगवंतराव, त्या येडगावच्या मुलीची सुट्टी मंजूर केली. हो, तिनं स्वतः येऊन मागितली. नाही, नाही, तुमच्या फोनवर नव्हे, तिच्या अर्जावर." फोन ठेवून ते उठले. "चल. बाटल्या बघू."

चारही ट्रे पुन्हा आत आले. सर आणि कल्याणी दोघांनी मिळून तीनशेबारा बाटल्या एकेक करून दिव्याखाली धरल्या. साळुबाईने एका लहान कागदावर दोन रकाने पाडले. ज्यांत चारपेक्षा जास्त कोंब होते त्या दोनशे भरल्या. एकशे बारा कोवळ्या राहिल्या.

"या दोनशे तू दहा ते तेरा तारखेत कापू शकतेस," सर म्हणाले. "तेव्हा त्या जेमतेम विसेक दिवसांच्या असतील, तिनाऐवजी दोनच भाग निघतील. नुकसान होईल, पण मरणार नाहीत. पुढची खेप मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तोवर तू आलेली असशील."

"सर, मधे दोनदा दोन-दोन दिवसांच्या सुट्ट्या आहेत. एकवीसला पेपर नाही. मी येऊन उरलेल्या..."

"नाही." सरांनी तिला पुढे बोलू दिले नाही. "डोक्यात पेपर आणि हातात ब्लेड, असं इथं चालत नाही. अभ्यास अर्धा आणि काम अर्धं म्हणजे दोन्ही वाया. सुट्टी मागितलीस ना? मग पुरती घे."

"मग एकशे बारांचं काय?"

"दोन मार्ग आहेत. सगळ्यांत खालच्या फळीवर, कमी उजेडात ठेवायच्या. वाढ मंदावेल. तू एकोणतीसला येऊन काप. छत्तीस-सदतीस दिवस होतील. हा उन्हाळा, त्यात लाइटचा भरवसा नाही. निम्म्या वाचतील असं धरून चाल. पण त्या तुझ्या राहतील." त्यांनी साळुबाईकडे पाहिले. "नाहीतर वीस तारखेला साळुबाई कापेल. सगळ्या जगतील, एकाचे तीन निघतील. पण ज्याचा हात त्याचा क्रमांक. सात पुसून एक लिहावा लागेल. तू सांग. माल तुझा आहे."

"आत्ताच सांगू?"

"तेरापर्यंत सांग."

त्या संध्याकाळी जयवंतांची ड्यूटी लवकर संपली होती. कल्याणी घरी आली तेव्हा ते ओट्यावर बसून चहा पीत होते.

"दिली का सुट्टी?" त्यांनी उत्सुकतेने विचारले.

"दिली. पण तुमच्या फोनानं माझ्या बाटल्या धुवायला निघाल्या होत्या, पप्पा." तिने झालेले सगळे सांगितले. रागाने सांगायचे ठरवून ती आली होती. सांगताना राग राहिला नाही.

जयवंतांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं, तू बोललीस आन् त्यांनी नाय म्हनलं तर? मोठ्या मानसाच्या तोंडून गेलं की नाय म्हनता येत न्हाई."

"म्हणूनच त्यांना वाटलं, मी पळून चालले."

"आमच्या टायमाला असंच व्हतं, बाय. माझी नोकरी, तुझ्या प्रबुद्धदादाचं ॲडमिशन, घराचं मीटर, समदं कुनाच्या तरी शब्दानं. आपन होऊन साहेबाच्या म्होरं जाऊन मागायचं, ही सवयच न्हाई लागली. कुनी लावू दिली न्हाई." त्यांनी कप पुन्हा उचलला. मग त्यांनी विचारले, "आन् साहेब काय म्हनले मग? तू बोलल्यावर?"

"अर्ज लिहून घेतला. चेअरमनना फोन करून म्हणाले, तुमच्या फोनवर नाही, तिच्या अर्जावर दिली."

"असं म्हनले? चेअरमनला?"

"हो."

"अगं द्रौपदा," त्यांनी आत वळून हाक मारली, "ऐकलं का? इकडं ये. हिला पुन्यांदा सांगू दे."

आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि कल्याणीला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. 'तर परीक्षेला जाईन' हे वाक्य आईने दोनदा म्हणवून घेतले. दुसऱ्या वेळेला जयवंतांनी ते तिच्याबरोबरच म्हटले. उद्या सकाळच्या गाडीला भगवंतरावांचे मेहुणे असतात, त्यांना मी स्वतः सांगणार आहे की पोरीने तिचे तिने बघितले, असे ते म्हणाले. आणि यात पुन्हा शब्द टाकण्यासारखे काही नाही ना, हे त्यांनी तिला विचारूनही घेतले.

दहा तारखेपासून कल्याणी रोज पेटीवर बसली. पहाटे चार ते सहा अभ्यास, एसटीत टिपणांची उजळणी, आणि आठ ते चार ब्लेड. दोनशे पुंजक्यांचे चारशे झाले. कोवळा पुंजका कापताना पाते जरा आडवे धरावे लागते, नाहीतर कोंबाचा गाभा दुखावतो. हे तिला कुणी सांगितले नव्हते, पहिल्याच दिवशी हाताला समजले. तिने ते साळुबाईला दाखवले.

"आडवं?" साळुबाईने एक कापून पाहिला. "खरंच की गं. सोळा वर्सं मी उभंच धरती. आता मला बी परीक्षेला बसवा."

एकशे बारा बाटल्या मधल्या फळीवर वेगळ्या ठेवल्या होत्या. जाता-येता कल्याणीची नजर त्यांच्याकडे जाई. आपल्या क्रमांकाचा माल पुढे एखाद्या शेतात लागला असता, हे तिने आधीच मनात मोजून ठेवले होते: एकशे बाराचे तीनशे छत्तीस, त्यांचे हजार. कमी उजेडात ठेवल्या तर निम्म्या राहतील. निम्म्या का होईना, त्या आपल्या. हा हिशेब तिने तीन दिवस केला आणि प्रत्येक वेळी त्यात एक गोष्ट तशीच राहून गेली. उरलेल्या छप्पन्न मरणार होत्या, आणि त्या मरण्याचे कारण त्यांच्यावरचा आकडा एवढेच होते.

तेरा तारखेला दुपारी तीन वाजता तिचा शेवटचा पुंजका लागला. ब्लेड टाकून, पेटी पुसून, तिने चारशे नव्या बाटल्या वाढ-खोलीत मांडल्या. मग मधल्या फळीवरचे ट्रे बाहेर टेबलावर आणले आणि कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावले. पहिल्या बाटलीवरचा सात दोनदा घासल्यावर गेला. काच कोरडी होऊ देऊन तिने तिथे मार्करने एक लिहिला. मग दुसरी बाटली घेतली.

साळुबाई माध्यम भरता भरता बघत होती. विसेक बाटल्या झाल्यावर ती म्हणाली, "माझ्याच नावावर चढवतीस व्हय? बिघडल्या तर माझं टक्के वाढत्याल."

"बिघडणार नाहीत, मावशी. सगळ्या दिव्याखाली बघून घेतल्यात."

"इतकी खात्री?"

"मी लावल्यात ना."

साळुबाई मोठ्याने हसली. मग तिने एक खुर्ची ओढून शेजारी ठेवली आणि स्वतः बोळा उचलला. कल्याणीने तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "राहू द्या. हे माझं मला करू द्या."

चार वाजायला आले होते. सर खोलीतून बाहेर आले, टेबलाशी थांबले, पुसलेल्या बाटल्यांची रांग पाहिली. त्यांनी फाइल उघडून तिच्या अर्जाखाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद तिच्याकडे वळवला. एकशे बारा बाटल्या स्वेच्छेने सुपूर्द, प्रशिक्षणार्थी कल्याणी जयवंत गायकवाड. एकोणतीस एप्रिलला पुन्हा रुजू. तिने खाली सही केली. सर फाइल घेऊन आत गेले.

ती शेवटच्या बाटलीपर्यंत बसली. एकशे बारावी पुसून, आकडा लिहून, तिने ट्रे उचलले आणि वाढ-खोलीतल्या पहिल्या रांगेत, साळुबाईच्या मालाशेजारी नेऊन लावले. वर तारखेची चिठ्ठी लावली: वीस एप्रिल, कापणे. मग दार बंद करून तिने गाऊन खुंटीला अडकवला, पिशवी खांद्यावर घेतली आणि साडेचारची गाडी गाठायला महामार्गाकडे निघाली.